ड्यूटीच्या तक्त्याचा ताळा

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला सारे गाव ‘घाटी’ या नावाने ओळखते. अशा रुग्णालयाला कधीच कुलूप लागत नाही. दिवाळी असो की भर उन्हाळ्यातली दुपार, वॉर्डात कोणी ना कोणी परिचारिका हजर असावीच लागते. म्हणून कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात भिंतीवर एक तक्ता लावलेला दिसतो. डावीकडे नावे, वर तारखा आणि चौकोनांत M, E, N अशी अक्षरे. M म्हणजे सकाळपाळी, E म्हणजे संध्याकाळची पाळी आणि N म्हणजे रातपाळी. O म्हणजे सुट्टी, म्हणजेच ‘ऑफ’.

तुमच्या घरी कोणी परिचारिका असेल, तर मोबाइलवर काढलेले या तक्त्याचे छायाचित्रही तुम्ही पाहिले असेल. आता समजा, या आठवड्यात आपण नेमके किती तास काम केले, असे त्यांना विचारायचे आहे. छायाचित्रात तर तास कोठेच लिहिलेले नाहीत, नुसती अक्षरे आहेत. अक्षरांचे तास कसे करायचे आणि केलेला हिशोब बरोबर आहे हे कसे ओळखायचे, ते आज पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे पाळीच्या वेळा. त्या रुग्णालयागणिक बदलतात, म्हणून प्रथम त्या विचारून घ्याव्यात. आपल्या उदाहरणात सकाळपाळी ८ ते २, संध्याकाळची २ ते ८ आणि रातपाळी रात्री ८ ते सकाळी ८ अशी धरू. म्हणजे M चे ६ तास, E चे ६ आणि N चे १२. बेरीज २४ आली, तेव्हा दिवसाचा एकही तास सुटलेला नाही. बेरीज २३ आली असती, तर कोठेतरी वेळ चुकीची ऐकली असे समजायचे.

आता एक लहानसा वॉर्ड कल्पनेने उभा करू. पाच परिचारिका आहेत, त्यांना अ, ब, क, ड आणि इ म्हणू. सकाळी दोघी, संध्याकाळी एक, रात्री एक आणि एकीला सुट्टी, असा तेथला रोजचा नेम आहे. सोमवार ते रविवारचा तक्ता असा:

```
     सो मं बु गु शु श  र
अ    N  N  N  O  O  M  M
ब    M  M  E  N  N  O  O
क    E  E  O  M  M  N  N
ड    O  M  M  E  E  M  M
इ    M  O  M  M  M  E  E
```

अ ची ओळ घ्या. तीन N म्हणजे ३६ तास आणि दोन M म्हणजे १२, एकूण ४८. तसेच केल्यावर ब चे ४२, क चे ४८, ड चे ३६ आणि इ चे ३६ तास येतात. संगणकावर हेच करायचे तर अक्षरे चौकोनांत भरून ओळीच्या शेवटी एवढे सूत्र पुरते:

```
=COUNTIF(B2:H2,"M")*6+COUNTIF(B2:H2,"E")*6+COUNTIF(B2:H2,"N")*12
```

सूत्र सोपे आहे, पण मुके आहे. N नंतर चुकून एक मोकळी जागा टाइप झाली, तर ते अक्षर त्याला ओळखू येत नाही. ते तक्रारही करीत नाही, गुपचूप १२ तास गाळते. म्हणून आपला ताळा आपणच पाहायचा.

ताळा उभा पाहायचा. कोणत्याही दिवसाच्या स्तंभात वरून खाली दोन M, एक E, एक N आणि एक O भरलेच पाहिजेत. एका दिवसाचे तास झाले १२ + ६ + १२, म्हणजे ३०. आठवड्याचे झाले २१०. आता पाचही जणींची आडवी बेरीज करा: ४८ + ४२ + ४८ + ३६ + ३६. तीही २१०! एकच संख्या दोन वेगळ्या वाटांनी आली.

समजा, ब च्या गुरुवारचा N तुम्हाला M वाटला. असे सहज होते. हाताने लिहिलेल्या N ला तीन रेघा आणि M ला चार, त्यामुळे पुसट छायाचित्रात एखादी रेघ कमी-जास्त दिसायला वेळ लागत नाही. आता ब चे तास ३६ होतील आणि एकूण बेरीज २०४ येईल. ६ तास कमी पडले, म्हणजे एखादी रातपाळी दिवसाची झाली असावी. उभे मोजत गेलात की गुरुवारी M तीन आणि N एकही नाही असे आढळेल. चूक कोणत्या दिवशी झाली ते कळले. आता तेवढे पाच चौकोन छायाचित्रात मोठे करून पाहिले की काम झाले. मात्र M चा E वाचला गेला तर एकूण बेरीज जशीच्या तशी राहते, कारण दोन्हींचे तास सारखे. ती चूक फक्त उभ्या मोजणीत सापडते. तासांपुरते पाहिले तर तिने बिघडत काहीच नाही.

याहून फसवी चूक छायाचित्रातच दडलेली असते. गर्दीत, घाईत, मान वाकडी करून काढलेले चित्र थोडे कलते. किती कलले तर चालेल? गणित करून पाहू. आडव्या ठेवलेल्या ए-४ कागदाची लांबी २९.७ सेंमी असते. ओळींची उंची १ सेंमी धरा आणि चित्र फक्त २ अंशांनी कलले आहे असे समजा. २ अंशांचा टॅन सुमारे ०.०३५ आहे. त्याला २९.७ ने गुणले की १.०४ सेंमी येतात. म्हणजे डाव्या टोकाकडून नजर सरळ आडवी नेली, तर उजव्या टोकाला पोहोचेपर्यंत आपण चक्क एक ओळ घसरलो! आणि मध्यावर, गुरुवारच्या आसपास, अर्धी ओळ ओलांडून शेजारणीच्या चौकोनात शिरलो.

वरच्या तक्त्यात गुरुवारपासून प्रत्येकीसमोर तिच्या खालच्या ओळीतली अक्षरे वाचून पाहा. अ चे तास ६० होतात, ब चे ५४. इ च्या समोर चार चौकोन कोरे येतात आणि तिचे तास उरतात अवघे १२. कोरे म्हणजे सुट्टी असे समजून पुष्कळ जण पुढे जातात. गंमत अशी, की तसे समजले तर गुरुवार आणि शुक्रवार उभ्या ताळ्यात चक्क बरोबर येतात, कारण त्या दिवशी निसटलेली अ ची अक्षरे O च होती. चोरी पकडली जाते ती शनिवारी, कारण तेथे M एकच उरतो. एकूण बेरीजही २१० ऐवजी १९८ येते. म्हणून एखादा दिवस जुळला एवढ्यावर थांबू नये, साती दिवस मोजावेत. आणि कोऱ्या चौकोनात O भरू नये, प्रश्नचिन्ह ठेवावे.

घसरण मुळातच टाळण्याची युक्ती अगदी साधी आहे. तक्ता आडवा वाचूच नका, उभा वाचा. गुरुवारच्या स्तंभावर बोट ठेवा आणि वरून खाली पाच अक्षरे उतरवा: O, N, M, E, M. मग शुक्रवार. नजरेला लांबचा प्रवास नाही, म्हणून घसरायला जागा नाही. मोबाइलमध्ये कागद सरळ करण्याची सोय असते, तीही वापरावी. खाली उभे राहून वरच्या तक्त्याचे छायाचित्र काढले की कागदाची वरची बाजू आखूड दिसते, म्हणजे आयताचा समलंब चौकोन होतो. कागदाचे चार कोपरे दाखवले की यंत्र पुन्हा आयत करून देते. मात्र कागद मध्येच फुगलेला असेल तर चार कोपऱ्यांवरून ते त्याला समजत नाही, आणि ओळी वाकड्याच राहतात. त्यापेक्षा कागद दाबून सपाट करावा आणि समोर उभे राहून दुसरे छायाचित्र काढावे हे बरे.

आता खरा पेच मध्यरात्रीचा. क ची रविवारची रातपाळी पाहा. ती रात्री ८ ला सुरू होते. १२ वाजता रविवार संपतो, आठवडाही संपतो. तोवर तिचे ४ तास झाले. उरलेले ८ तास सोमवारी, म्हणजे पुढच्या आठवड्यात पडतात! मग या आठवड्यात तिचे तास ४८ की ४०? आणि ड कडे पाहा. सोमवारी तिच्यासमोर O आहे. पण समजा, मागच्या पानावर रविवारची रातपाळी तिचीच होती. तर या सोमवारी पहाटे १२ ते सकाळी ८ ती वॉर्डातच होती. तक्त्यात जो दिवस सुट्टीचा, त्याच दिवसात तिचे ८ तास काम झाले आहे! घड्याळाप्रमाणे मोजले तर ड चे तास ३६ नव्हे, ४४ होतात. आणि एकूण? एकीकडून ८ गेले, दुसरीकडे ८ आले, बेरीज २१० ती २१०. ताळा इथे काहीच बोलणार नाही.

कारखान्यांतही हाच पेच होता. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती वाढल्या तेव्हा देशात १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता. तो रुग्णालयांसाठी नव्हता, पण त्याच्या ५७ व्या कलमातला तोडगा पाहण्यासारखा आहे. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरावेत असे त्यात म्हटले होते. कामगाराचा ‘दुसरा दिवस’ घड्याळाच्या बाराला नव्हे, त्याची पाळी संपली की सुरू व्हायचा. त्या रीतीने क चे ४८ तास होतात आणि ड चे ३६. मला ही रीत आवडते, कारण तीत मागचे पान शोधावे लागत नाही. पण हिशोब ज्या कार्यालयासाठी आहे तेथे घड्याळाची रीत चालत असेल, तर तीच धरली पाहिजे. कोणती रीत धरली ते कागदाच्या माथ्यावर एका ओळीत लिहा. निम्म्या पानात एक आणि निम्म्यात दुसरी रीत धरली, तर ८ तास दोनदा मोजले जातील किंवा एकदाही मोजले जाणार नाहीत.

एवढे करूनही एक गोष्ट छायाचित्रातून कधीच कळत नाही. समजा, ड च्या घरी शनिवारी सकाळी काही काम निघाले आणि तिने ब ला विनंती केली. ब ची सुट्टी होती, पण शुक्रवारची रातपाळी संपवून ती तशीच सकाळपाळीला थांबली. सलग १८ तास! ब चे झाले ४८, ड चे ३०. वॉर्डात माणसे तेवढीच, एकूण तास २१०, सारा ताळा जुळलेला. पण छायाचित्र सोमवारी काढलेले, आणि ही अदलाबदल झाली शनिवारी. तक्ता म्हणजे ठरवलेले काम. झालेले काम हजेरीच्या वहीत असते. तेव्हा तासांचा कागद तयार झाला की तो प्रत्येकीला दाखवा आणि एवढेच विचारा, “सिस्टर, या आठवड्यात कोणाशी ड्यूटी बदलली होती का?” बदलली असेल तर ते चौकोन खोडू नका. जुने अक्षर वाचता येईल असे ठेवून शेजारी नवे लिहा आणि तास पुन्हा मोजा.