आत्याच्या सहीआधी

भाच्याने पाठवलेला निरोप वकिलाच्या इंग्रजीत होता. कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने तो वाचला आणि आजीला दोन वाक्यांत सांगितलं, "तुझ्या वडिलांच्या शेताला वारसांची नोंद लावायची आहे. सही करायला दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावलंय." आजीने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे माझं नाव लागणार की जाणार?"

नातवाने निरोप पुन्हा, या वेळी शब्द न् शब्द वाचला. त्यात रिलीज डीड होतं, म्हणजे हक्कसोड पत्र. ते भावाच्या लाभात करायचं होतं आणि पुढे 'विदाउट कन्सिडरेशन', म्हणजे कुठलाही मोबदला न घेता. नाव जाणार होतं.

ही गोष्ट काल्पनिक आहे, पण तिच्यातला गोंधळ गावोगावी होतो. वारस नोंद आणि हक्कसोड हे दोन वेगळे व्यवहार आहेत. वारस नोंद तलाठ्याकडे होते. तिने सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव चढतं आणि तिचं काही जात नाही. हक्कसोड पत्र मात्र दुय्यम निबंधकासमोर नोंदवलं जातं आणि तिचा हिस्सा भावाकडे जातो. म्हणूनच 'सही कुठे करायची' यावरून अर्धा उलगडा होतो. नुसत्या वारस नोंदीसाठी निबंधकाकडे जावं लागत नाही.

आजीचं किती जाणार होतं? वडिलांनी सहा एकर स्वतः विकत घेतलं होतं. मृत्युपत्र नव्हतं आणि आई आधीच वारली होती. मागे राहिले दोन भाऊ आणि ही. स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला आहे. म्हणजे दोन एकर आजीचे. लग्नात काय दिलं, माहेरी किती येणं-जाणं आहे, यावरून हा वाटा कमी होत नाही. वडिलोपार्जित शेत असतं, तर हिशेब वेगळा झाला असता.

भावासाठी हिस्सा सोडावा असं तिला वाटलं, तर तो तिचा अधिकार आहे. पण ते समजून व्हायला हवं. एकदा पत्र नोंदवलं की मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. फसवणूक झाली असेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो आणि ती सिद्ध करण्याचा भार बहुधा तिच्यावरच येतो.

असा निरोप घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवताना सारांश सांगू नका. कोणता गट, किती क्षेत्र, कोणाच्या लाभात आणि मोबदला किती, हे चार तपशील मोठ्याने वाचा. मग मसुद्याची प्रत मागून घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते.