फोल्डर कुणाच्या नावावर?

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालय ट्रस्टचं उदाहरण घेऊ. देणगी पावत्या, सभासदांची यादी, जमाखर्च असं सगळं सहा वर्षं एकाच स्वयंसेवकाने सांभाळलं. आता तो बंगळूरला निघालाय आणि त्याच्या जागी येणाऱ्या शिक्षिकेसाठी चार पानी टिपण लिहितोय.

पहिल्या पानावर खात्यांचा तक्ता आहे. खातं कशाचं, लॉगिनचा ईमेल कोणता, ओटीपी कुठल्या मोबाइलवर येतो. पासवर्ड त्यात नाहीत. ते बंद पाकिटात, अध्यक्षांच्या कपाटात. तक्ता भरतानाच लक्षात आलं की ट्रस्टच्या ईमेलचा ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. म्हणून ट्रस्टसाठी वेगळं सिम घेतलं आणि गूगल देतं ते दहा बॅकअप कोड छापून पाकिटात ठेवले. प्रत्येक कोड एकदाच चालतो, म्हणून वापरलेल्यावर काट मारायची, असंही त्याने लिहिलंय.

खरी गुंतागुंत फोल्डरची. ‘शेअर केलंय की सगळ्यांना’ असं आपण सहज म्हणतो; पण साध्या, मोफत गूगल खात्यात फाइल ज्याने तयार केली, मालकी त्याचीच राहते. त्याने आपलं खातं बंद केलं, की त्याच्या मालकीच्या फाइल सगळ्यांच्याच हातून जातात. दोन वर्षं न वापरलेलं खातंही गूगल काढून टाकू शकतं. शिवाय फोल्डरची मालकी दुसऱ्याला दिली, तरी आतल्या फाइलींची मालकी आपोआप बदलत नाही. म्हणून त्याने स्वतःच्या ड्राइव्हच्या शोधपट्टीत `owner:me` टाकलं. सहा वर्षांच्या पावत्यांची शीट तिथेच सापडली! मालकी ट्रस्टच्या खात्याकडे पाठवली. पण त्या खात्यातून ती स्वीकारल्यावरच बदल पुरा झाला. फाइलच्या तपशिलात मालक म्हणून ट्रस्टचं नाव दिसलं, तेव्हा कुठे त्याने तक्त्यात बरोबरची खूण केली.

बॅकअपचं पान सगळ्यात छोटं आहे. ड्राइव्ह संगणकाशी सिंक होतं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही: एका ठिकाणी चुकून पुसलेली फाइल सगळीकडून जाते, आणि ड्राइव्हच्या कचरापेटीत ती तीसच दिवस राहते. म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळं उतरवून तारखेच्या फोल्डरमध्ये हार्ड डिस्कवर ठेवायचं. जुना महिना पुसायचा नाही. डिस्क काम झालं की लगेच काढायची, नाहीतर संगणकात व्हायरस शिरला तर तीही सापडते. दोन डिस्क आहेत: एक वाचनालयात, एक कोषाध्यक्षांच्या घरी.

टिपण पुरेसं आहे का, हे लिहिणाऱ्याला कळत नाही, वापरणाऱ्याला कळतं. म्हणून शेवटच्या रविवारी तो नुसता शेजारी बसला. बाईंनी कागद वाचत डिस्कवरून मार्च महिन्याची शीट उघडली, एका पावतीचा आकडा पावतीपुस्तकाशी ताडून पाहिला. दोन ठिकाणी त्या अडल्या. त्या दोन ओळी त्याने तिथेच, पेनाने, नव्याने लिहून दिल्या.