एसीच्या जाहिरातीतल्या तीन ओळी

नाशिकमधल्या एका एसी विक्रेत्यांच्या जाहिरातींचा मजकूर मी लिहून देते. उन्हाळ्याआधीच्या सेलसाठी त्यांनी मला कच्चा मजकूर पाठवला, तो असा : ‘५ स्टार, दीड टन एसी फक्त ४४,००० रुपयांत. इन्स्टॉलेशन फ्री. जुन्या एसीवर ५,००० पर्यंत एक्स्चेंज.’ ‘फ्री’च्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण हे वाचून येणारा माणूस ३९,००० रुपये मनात धरून येणार आणि बिल मात्र वेगळंच होणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी दुकानात जाऊन बसले आणि एकेका ओळीचा हिशेब विचारला.

सुरुवात चांदणीपासून केली. फ्री म्हणजे फक्त फिटिंगची मजुरी. बाहेरचं युनिट ज्यावर बसतं तो लोखंडी स्टँड वेगळा, त्या दुकानात ९०० रुपये. खोक्यात तांब्याची पाइप तीन मीटर येते. आतलं आणि बाहेरचं युनिट यांत त्याहून जास्त अंतर असेल, तर वरच्या प्रत्येक मीटरला ९०० रुपये. भिंतीला भोक पाडायचे ५००, जुना एसी काढायचे ६००. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या घरी पाइप पाच मीटर लागली होती. म्हणजे स्टँड, दोन मीटर पाइप, भोक आणि जुना एसी काढणं मिळून ३,८०० रुपये झाले. दर शहरागणिक, दुकानागणिक बदलतात, पण खर्चाची ही चार नावं बहुतेक ठिकाणी तीच असतात. दीड टनाच्या एसीसाठी स्वतंत्र लाइन नसेल, तर वायरिंगचा खर्च आणखी वेगळा.

मजुरी फ्री असो वा नसो, फिटिंगमध्ये एक काम गाळलं जात नाही ना, हे पाहायला हवं. पाइप जोडल्यावर तिच्यात हवा आणि ओल राहते. ती व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची असते आणि त्याला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाईतला फिटर पंप आणतच नाही. व्हॉल्व्ह थोडा उघडून युनिटमधलाच गॅस सोडतो आणि त्या झोताने हवा बाहेर ढकलतो. तेवढा गॅस कमी होतो आणि ओल आत राहून पुढे कॉम्प्रेसरला त्रास देते. आजच्या बऱ्याच एसींत आर-३२ गॅस असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे, म्हणून घरात असा गॅस सोडणं धोक्याचंही आहे. आपल्याला पाहायला सोपं आहे : पंप लावला का, गेजचा काटा शून्याच्या खाली गेला का, आणि पंप बंद केल्यावर तो तिथेच थांबला का. काटा परत वर चढू लागला, तर कुठेतरी गळती आहे किंवा आत ओल शिल्लक आहे. मग गॅस सोडल्यावर नटांवर साबणाचा फेस लावतात. फेसात बुडबुडे फुगू लागले, तर नट पुन्हा बसवायचा. एप्रिलमध्ये फिटरला एका घरून दुसऱ्या घरी पळावं लागतं, फेब्रुवारीत तो ही वीस मिनिटं देऊ शकतो. माझ्या मते उन्हाळ्याआधी एसी घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

दुसरी ओळ स्टारची. अनेकांना वाटतं, पाच स्टारचा एसी जास्त थंड करतो. तसं नाही. थंड करण्याची ताकद टनावर ठरते. एका युनिट विजेत किती थंडावा मिळतो, ते स्टार सांगतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या पट्टीवर त्यासाठी एक आकडा छापलेला असतो, त्याला आयएसईईआर म्हणतात. तो जितका मोठा, तितकं बिल कमी. स्टार कोणत्या आकड्याला मिळणार याचं कोष्टक दर काही वर्षांनी कडक होतं. २०१८ मध्ये साडेचारला पाच स्टार मिळत होते, जुलै २०२२ पासून त्यासाठी पाच लागू लागले आणि जानेवारी २०२६ पासून कोष्टक पुन्हा बदललं. सेलमध्ये जुना माल असतो, त्यामुळे जुन्या पट्टीवरचे पाच स्टार आजच्या पट्टीवर चारच भरू शकतात. तो एसी त्यामुळे वाईट ठरत नाही, पण किंमत त्या मानाने कमी असायला हवी. म्हणून दोन एसींची तुलना करताना स्टार मोजू नका, आकडा पाहा आणि पट्टी कोणत्या काळाची आहे तेही वाचा.

पट्टीवर वर्षाचा वीजवापरही छापलेला असतो, तो १,६०० तासांचा. दुकानातल्या दोन दीड टनी एसींवर तो ७४० आणि ९६० युनिट होता. पहिला पाच स्टार, ४४,००० चा. दुसरा तीन स्टार, ३६,००० चा. फरक २२० युनिटांचा. महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं, त्यामुळे एसीचे युनिट आपल्या बिलातल्या सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यात पडतात. सरासरी दर न धरता तोच दर धरायचा. तो १२ रुपये मानला, तर वर्षाला २,६४० रुपये वाचतात आणि वरचे ८,००० रुपये तीन वर्षांत सुटतात. पण जे घर शंभर रात्री आठ-आठ तासच एसी लावतं, त्याचे ८०० तास होतात. तिथे बचत निम्मी, आणि पैसे सुटायला सहा वर्षं. दोन महिने, तेही झोपेपुरता एसी लावणाऱ्याने तीन स्टार घेतला तर त्याचं काही चुकत नाही.

तिसरी ओळ एक्स्चेंजची, आणि तिथला मुख्य शब्द ‘पर्यंत’. पाच हजार कोणाला मिळतात, असं विचारलं तेव्हा कळलं : मोठ्या, चालू, दोन्ही युनिटं पूर्ण असलेल्या स्प्लिट एसीला. त्या गिऱ्हाइकाच्या जुन्या एसीला ३,००० मिळाले. ४४,००० त अधिक ३,८००, वजा ३,०००, म्हणजे बिल ४४,८०० झालं. मनातल्या ३९,००० पेक्षा ५,८०० रुपये जास्त. म्हणून आधी एक्स्चेंजशिवायची शेवटची किंमत विचारायची, मग एक्स्चेंजसकटची. कधी एक्स्चेंज घेतलं की बँकेच्या कार्डाची सूट मिळत नाही, तर कधी भंगारवालाच जास्त पैसे देतो. पण तांब्यासाठी पाइप कापणाऱ्याला एसी देऊ नका. सगळा गॅस हवेत जातो, आणि जुन्या एसींतला आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो. नीट काढणारा फिटर एसी चालू ठेवून एक व्हॉल्व्ह बंद करतो, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो आणि मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करून पाइप सोडवतो.

विक्रेत्यांना आधी वाटलं, इतकं उघडं लिहिलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. मी म्हटलं, आज जाणार नाही ते बिल पाहून जाईल, आणि मग परत येणार नाही. थोडा विचार करून त्यांनी होकार दिला. छापलं गेलं ते हे :

‘दीड टन इन्व्हर्टर एसी. ३ स्टार ३६,०००, ५ स्टार ४४,०००. रोज रात्रभर आणि चार महिने लावणार असाल तर ५ स्टार, थोडाच लावणार असाल तर ३ स्टार पुरे. फिटिंगची मजुरी आमची, व्हॅक्यूम पंपासह. स्टँड ९००, तीन मीटरपुढे पाइप ९०० रुपये मीटर, भोक ५००, जुना एसी काढणं ६००. चालू दीड टनी स्प्लिटला ३,०००, त्याहून मोठ्याला ५,००० पर्यंत. घर पाहून पूर्ण किंमत आधी लिहून देऊ.’