डिपॉझिट जप्त करायचं, ते कोणत्या हक्कानं?

फ्रँचायझी घेणारा माणूस सही करताना बहुधा दोन रकमा मोजतो आणि पुढे दोन्हींना मिळून ‘कंपनीला दिलेले पैसे’ म्हणत राहतो. वाद पेटला की पहिला घोटाळा इथेच होतो. एक रक्कम असते फ्रँचायझी फी. ब्रँडचं नाव, पाककृती आणि बोर्ड वापरू देण्याचा तो मोबदला असतो आणि बहुतेक करारांत ‘परत मिळणार नाही’ असंच त्याबद्दल लिहिलेलं असतं. दुसरी रक्कम सुरक्षा अनामतीची, म्हणजे डिपॉझिटची. मालाची उधारी थकली, कंपनीचं यंत्र खराब झालं, तर वसुली कुठून करायची, यासाठी ती ठेवलेली असते. कंपनीची ती कमाई नसते, तिच्या माथ्यावरचं देणं असतं.

हा फरक पावतीवरही दिसतो. फीच्या पावतीवर 18 टक्के जीएसटी लागलेला असतो. डिपॉझिटवर तो नसतो, कारण कंपनी ती रक्कम बिलात वळती करत नाही तोवर जीएसटी कायदा तिला मोबदला मानतच नाही. ‘डिपॉझिट म्हणजे फीच होती’ असं कंपनी पुढे म्हणू लागली, तर तिच्याच पावतीवर कर का नाही, हा प्रश्न विचारता येतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साताऱ्यातल्या एका बाईंनी पुण्याच्या कंपनीकडून चहा-नाश्त्याची शाखा घेतली. फी तीन लाख, तिच्यावर 54 हजार जीएसटी आणि डिपॉझिट दोन लाख. करारात लिहिलं होतं की दोन कामगारांना दहा दिवस प्रशिक्षण मिळेल, पहिले पंधरा दिवस कंपनीचा माणूस दुकानात बसेल आणि चहाचा मसाला, प्रीमिक्स, कप हा माल ऑर्डरनंतर तीन दिवसांत पोहोचेल. हा माल बाहेरून घ्यायला मनाई होती. प्रत्यक्षात प्रशिक्षण दीड दिवसात आटोपलं, बसायला माणूस आलाच नाही आणि ऐन दिवाळीत प्रीमिक्स संपून दुकान आठवडाभर बंद राहिलं. विचारलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एकच उत्तर यायचं, ‘ताई, माल उद्या निघतोय.’

अशा वेळी बहुतेक जण रोज फोनवर भांडतात, मग कंटाळतात आणि एक दिवस शटर ओढून घेतात. दाव्याचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. कागदावर तेव्हा एवढंच उरतं की मुदत संपण्याआधी शाखा तुम्ही बंद केली. दुसरी चूक म्हणजे अडचणीपोटी गुपचूप स्थानिक बाजारातून मसाला आणणं, कारण करार आधी तुम्हीच मोडला असं म्हणायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं. तिसरी चूक पहिल्याच आठवड्यात झालेली असते. ‘प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण’ अशा छापील कागदावर कामगारांनी न वाचता सही ठोकलेली असते.

या बाईंनी वेगळं केलं. माल उशिरा आला की त्याच दिवशी ईमेल: अमुक तारखेला ऑर्डर दिली, अमुक तारखेला माल यायला हवा होता, आज तो आलेला नाही. बाहेरून माल घेण्यापूर्वी ‘तुमचा माल नसल्याने नाइलाजाने घेत आहे’ असं कळवलं. मग वकिलामार्फत नोटीस दिली. त्यात कराराचं कलम, काय मिळायचं होतं आणि काय मिळालं, याचा तक्ता होता आणि त्रुटी दूर करायला तीस दिवस दिले होते. ती मुदत उलटल्यावरच दुसऱ्या नोटिशीने करार संपवला, बोर्ड उतरवून त्याचे फोटो काढले आणि डिपॉझिट परत मागितलं. आधी दुरुस्तीची संधी आणि मगच समाप्ती, हा क्रम महत्त्वाचा आहे. करारात अशी मुदत नेमून दिलेली असेल तर तो चुकवून चालत नाही.

कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: लॉक-इन कालावधीत शाखा बंद केली, म्हणून कलमानुसार डिपॉझिट जप्त. हे कलम वाचून अनेक जण तिथेच हार मानतात आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण कायदा त्या कलमापाशी थांबत नाही. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याचं कलम 74 सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाईच आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा.

यावरचा मौला बक्ष यांचा निकाल प्रत्येक फ्रँचायझीधारकाला ठाऊक असायला हवा. लष्कराला बटाटे, अंडी, मासे पुरवण्याचं कंत्राट त्यांनी घेतलं होतं आणि 10,000 व 8,500 रुपये अनामत ठेवली होती. पुरवठा नीट झाला नाही, सरकारने कंत्राट रद्द करून अनामत जप्त केली. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये ती जप्ती मान्य केली नाही. अशा मालाच्या व्यवहारात झालेलं नुकसान पैशांत मोजता येतं; सरकारने ते सिद्ध केलेलं नव्हतं. लक्षात घ्या, तिथे चूक अनामत ठेवणाऱ्याची होती. इथे तर चूक अनामत घेणाऱ्याची आहे. 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात दिल्ली विकास प्राधिकरणाने इसारा जप्त करून तोच भूखंड पुढे चढ्या भावाने विकला होता. नुकसानच झालेलं नसताना रक्कम ठेवता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणून तुमचा भाग कंपनीने दुसऱ्या कुणाला देऊन नव्याने फी घेतली असेल, तर त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा.

तरी हिशेब प्रामाणिक हवा. बाईंकडे 26 हजारांचं मालाचं बिल थकलं होतं. ते त्यांनी नोटिशीतच कबूल केलं आणि 1,74,000 रुपये मागितले. अशी मागणी कोर्टातही टिकते. फीचं प्रकरण अवघड असतं. ब्रँडचं नाव काही महिने वापरलेलं असल्याने ती पूर्ण परत मिळणं कठीण, आणि सजावटीवरचा खर्च नुकसानभरपाई म्हणून मागायचा तर बिलं लागतात.

दाद कुठे मागायची, हे करारावर ठरतं. लवादाचं कलम असेल तर लवादाकडे जावं लागतं. ‘लवाद आमचे संचालक नेमतील’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. वादात हितसंबंध असलेल्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. लवादाचं कलम नसेल आणि मागणी तीन लाखांच्या आत असेल, तर साधा दिवाणी दावा. तीन लाख किंवा त्याहून अधिक असेल तर व्यावसायिक न्यायालय, कारण फ्रँचायझी करार त्या कायद्यात नावानिशी आहेत. तिथे तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज करणं सक्तीचं आहे. ग्राहक आयोगात, पोटापाण्यासाठी स्वतः राबणारे असाल तरच वाट आहे, आणि कंपनी पहिला आक्षेप त्यावरच घेते. फसवणुकीची पोलीस तक्रार तेव्हाच टिकते, जेव्हा सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दाखवता येतो.

कंपनी ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणत महिने घालवत असेल, तर एवढं ध्यानात ठेवा की दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे आणि तोंडी आश्वासनांनी ती वाढत नाही. मुदतीच्या आत कंपनीने देणं लेखी कबूल करून सही केली, तरच ती नव्याने सुरू होते. तेव्हा पुढचा फोन करण्याआधी ती कबुली लेखी मागा.