दोन रेषांमधलं अंतर

कानाची तपासणी करून आलेल्या माणसाच्या हातात एक आलेख असतो. त्याला ऑडिओग्राम म्हणतात. घरी आल्यावर तो उलटसुलट करून पाहिला जातो आणि ‘रेषा बरीच खाली गेलीय’ एवढ्यावर चर्चा थांबते. रेषा खाली म्हणजे ऐकणं कमी, हे खरंच आहे. आडव्या बाजूला २५० हर्ट्झच्या खर्जापासून ८००० हर्ट्झच्या बारीक, टिपेच्या आवाजापर्यंतचे स्वर असतात. उभ्या बाजूला डेसिबल असतात आणि ते वरून खाली वाढत जातात. प्रत्येक खूण म्हणजे त्या स्वरातला जेमतेम ऐकू आलेला, सर्वांत हळू आवाज. प्रौढ माणसाच्या खुणा साधारण २५ डेसिबलच्या वर असतील तर काळजी नसते.

पण रेषा किती खाली आहे एवढ्यावरून दोष कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी त्याच कानाची दुसरी रेषा शोधावी लागते.

पहिली रेषा हवेतून येणाऱ्या आवाजाची. हेडफोनमधला स्वर कानाच्या नळीतून पडद्यावर, तिथून तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून आतल्या शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लिआत पोचतो आणि मग नसेतून मेंदूकडे जातो. उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळी फुली, अशा तिच्या खुणा असतात. दुसरी रेषा हाडातून जाणाऱ्या आवाजाची. कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक टेकवतात. त्याची कंपनं कवटीतून थेट कॉक्लिआला जाणवतात. नळी, पडदा आणि हाडांची साखळी हा वाटेतला मुक्काम बहुतांशी टळतो. तिच्या खुणा कंसासारख्या असतात.

आता तर्क सरळ आहे. हाडाची रेषा वर, जिथे असायला हवी तिथेच आहे आणि हवेची मात्र खाली गेली आहे, तर आतला कान शाबूत आहे आणि आवाज वाटेत अडतो आहे. हा कंडक्टिव्ह दोष. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून खाली गेल्या असतील तर वाट मोकळी आहे, पण कॉक्लिआ किंवा नस कमी पडते आहे. हा सेन्सरीन्यूरल. दोन्ही खाली आणि शिवाय त्यांच्यात अंतर, तर दोष मिश्र. पाच-दहा डेसिबलचा फरक मोजणीतच पडतो, तो धरत नाहीत. अंतर दहापेक्षा जास्त आणि तेही एकाहून अधिक स्वरांवर दिसलं, की लक्ष द्यायचं.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचा आलेख कसा असू शकेल ते पाहू. १००० हर्ट्झपर्यंत दोन्ही रेषा १५ वर, २००० ला २५, आणि ४००० ला एकदम ६० पर्यंत खड्डा. हाडाची रेषाही त्या खड्ड्यात उतरते. ८००० ला हवेची रेषा थोडी वर येते. हाडाची मोजणी सहसा तिथवर नेतच नाहीत. अंतर कुठेच नाही. गोंगाटाने कॉक्लिआतल्या नाजूक पेशी गेल्या आहेत आणि पडद्यावर कितीही उपचार केले तरी त्या परत येणार नाहीत.

याउलट कानाचा पडदा स्वच्छ आहे, पण ५०० हर्ट्झला हवेची रेषा ५० वर आणि हाडाची ५ वर, असं तिशीतल्या बाईच्या आलेखात दिसलं, तर कानातलं सर्वांत आतलं हाड, रिकिबीच्या आकाराचं, जागीच घट्ट बसत चाललं असावं अशी शंका येते. याला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. त्यात हाडाच्या रेषेतही २००० हर्ट्झच्या आसपास छोटी घळ पडते. तेवढ्यावरून नसही बिघडली असं वाटू शकतं. पण यशस्वी शस्त्रक्रियेनंतर ही घळ बऱ्याचदा भरून येते, कारण ती कॉक्लिआची नसते, अडकलेल्या हाडामुळे कंपनांची जी घडी बिघडते तिची असते. अमेरिकन श्रवणतज्ज्ञ रेमंड कार्हार्ट यांच्या नावाने ती ओळखली जाते.

इथवर सगळं सोपं वाटतं. खरी फसगत एकाच कानाने कमी ऐकू येणाऱ्यांच्या आलेखात होते.

समजा, सव्वीस वर्षांचा एक तरुण आहे. उजवा कान उत्तम, सगळ्या खुणा ५ ते १० वर. डाव्या कानाची हवेची रेषा मात्र ५५, ६०, ६०, ६५ अशी जवळजवळ सपाट. डाव्या हाडाची रेषा ५ आणि १० वर. अंतर पन्नासाहून जास्त. पडदा धड. आलेख पाहून कुणीही म्हणेल की कंडक्टिव्ह दोष आहे, ऑपरेशनने फायदा होईल. प्रत्यक्षात लहानपणी झालेल्या गालगुंडांनंतर त्याचा डावा कान पूर्ण गेलेला आहे.

मग या खुणा आल्या कुठून? उजव्या कानाकडून. डाव्या हेडफोनमधला आवाज पुरेसा मोठा झाला, साधारण ४० डेसिबलच्या पुढे गेला, की तो कवटीतून पलीकडे गळू लागतो. नेमका किती गळेल हे माणसागणिक बदलतं. हाडावरच्या कंपकाला तर तेवढंही लागत नाही. तो कोणत्याही बाजूला टेकवला तरी दोन्ही कॉक्लिआ जवळजवळ सारख्याच हलतात. तरुण प्रामाणिकपणे ‘ऐकू आलं’ म्हणून बटण दाबतो. कोणत्या कानाने ऐकलं हे त्याला कुणी विचारत नाही आणि विचारलं तरी त्याला नीट सांगता येत नाही. डावीकडची ती सपाट रेषा म्हणजे उजव्या कानाची पडलेली सावली असते आणि तंत्रज्ञ तिला सावलीच म्हणतात.

यावरचा इलाज म्हणजे मास्किंग. उजव्या कानात मुद्दाम सळसळाटासारखा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवायचं आणि मग डावा कान मोजायचा. या तरुणाच्या बाबतीत उजवीकडचा सळसळाट वाढवला की डावीकडची खूणही तेवढीच खाली सरकते. पुन्हा वाढवला, पुन्हा सरकते. शेवटी यंत्राची मर्यादा येते आणि आलेखात खाली वळलेला बाण काढला जातो: उत्तर नाही. खरोखरच कंडक्टिव्ह दोष असता तर काही टप्प्यांनंतर खूण एका जागी थांबली असती.

खरं तर मास्किंगच्या आधीही संशय घेता येतो. ५१२ हर्ट्झचा कंपनचिमटा कपाळाच्या मध्यावर टेकवला, की कंडक्टिव्ह दोषात आवाज अधू कानात जास्त वाटतो. एक कान बोटाने बंद करून गुणगुणून पाहा, तोच कान घुमेल; प्रकार तोच आहे. आमच्या तरुणाला मात्र चिमटा उजवीकडे, चांगल्या कानात ऐकू येईल. आलेख एक सांगतो आणि चिमटा दुसरं, तेव्हा चिमट्यावर विश्वास ठेवून मोजणी पुन्हा करायची.

उलट बाजूने आणखी एक खूण कामाची आहे. निव्वळ कंडक्टिव्ह दोषात हवेची रेषा साधारण ६० ते ६५ च्या खाली जात नाही, कारण त्यापुढचा आवाज कवटीच हलवतो आणि पडद्याला वळसा घालून आत पोचतो. ८५ वरची रेषा दाखवून कुणी ‘फक्त पडद्याचा प्रश्न आहे’ म्हणत असेल, तर नसेचा किंवा कॉक्लिआचाही वाटा त्यात असणारच.

तेव्हा आपला कागद पाहताना आधी हाडाची रेषा आहे का ते बघावं. घाईच्या तपासणीत नुसती हवेचीच काढलेली असते आणि तेवढ्यावरून दोष कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. रेषा असेल आणि दोन कानांत मोठा फरक असेल, तर कंसाचा आकार पाहावा. टोकदार कंस म्हणजे मास्किंग न करता मोजलेलं, चौकोनी कंस म्हणजे मास्किंग करून. हवेच्या रेषेत मास्किंगनंतर गोलाच्या जागी त्रिकोण आणि फुलीच्या जागी चौकोन येतो. पन्नास डेसिबलचं अंतर, टोकदार कंस आणि समोर ऑपरेशनची तारीख असं एकत्र दिसलं, तर तारीख पुढे ढकलून मोजणी पुन्हा मागावी.