कोड सुपूर्द करताना

एखाद्या तिसऱ्याच डेव्हलपरला मूळ माणसाला फोन न करता सॉफ्टवेअर चालू करता आले, तरच फ्रीलान्सरचे काम क्लायंटच्या ताब्यात गेले असे म्हणता येते. शेवटचा हप्ता मिळाल्यावर झिप फाइल मेल करणे ही सुपूर्दगी नव्हे. झिपमध्ये कोड असतो, पण तो कधी आणि का बदलला याचा इतिहास नसतो.

समजा, रत्नागिरीच्या एका आंबा व्यापाऱ्यासाठी ऑर्डर घेणारी वेबसाइट जँगोत बनवली आहे. कोडचा रेपो गिटहबवर डेव्हलपरच्या खात्यात आहे. तो सेटिंग्जमधल्या ‘ट्रान्सफर’ पर्यायाने व्यापाऱ्याच्या खात्यात हलवला की सारे जुने बदल आणि नोंदी त्याच्याबरोबर जातात. डोमेन, सर्व्हर आणि पेमेंट गेटवे ही खाती मात्र पहिल्या दिवसापासूनच व्यापाऱ्याच्या ईमेलवर उघडलेली बरी. डोमेन डेव्हलपरच्या नावावर राहिले आणि वर्षभराने नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या मेलवर गेली, तर ऐन हंगामात साइट बंद पडते आणि ती का बंद पडली हे व्यापाऱ्याला उमगतही नाही.

रेपोत सर्वांत आधी वाचली जाते ती README फाइल. तिच्या सुरुवातीला साइट काय करते हे दोन-तीन वाक्यांत असावे आणि लगेच ती चालू करण्याच्या आज्ञा, ज्या क्रमाने टाइप करायच्या त्याच क्रमाने:

```
cp .env.example .env
pip install -r requirements.txt
python manage.py migrate
python manage.py runserver
```

यातली दुसरी ओळ फसवी आहे. requirements.txt मध्ये नुसते Django लिहिले असेल, तर दोन वर्षांनी तीच आज्ञा वेगळीच, नवी आवृत्ती उतरवते आणि चालता कोड मोडतो. Django==4.2.11 असा नेमका आकडा लिहिला की हे टळते. पण आकडा कायमचा गोठवूनही भागत नाही. जँगो ४.२ची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०२६पर्यंतच ठरलेली होती, तेव्हा आवृत्ती कधी बदलावी लागेल हेही README मध्येच नोंदवावे.

.env.example या फाइलीत पासवर्ड आणि किल्ल्यांची फक्त नावे असतात, समोरची जागा रिकामी. खरी मूल्ये क्लायंटला पासवर्ड मॅनेजरमधून द्यायची. पेमेंट गेटवेची गुप्त किल्ली चुकून रेपोत गेली असेल, तर नंतर ती ओळ पुसून उपयोग नाही, कारण जुन्या नोंदीत ती तशीच राहते. अशी किल्ली रद्द करून नवी घेणे एवढाच उपाय उरतो.

कोडमधल्या टिपांचे काम ‘का’ सांगण्याचे असते. weight_kg > 25 या ओळीवर ‘वजन २५पेक्षा जास्त आहे का ते तपासा’ असे लिहिणे व्यर्थ, कारण ते कोडच सांगतो. ‘ठरलेले कुरिअर २५ किलोवरचा खोका घेत नाही’ ही माहिती मात्र कोडमध्ये कुठेच नसते. कुरिअर बदलले की ही अट काढायची, हे त्यावरूनच पुढच्या माणसाला कळते.

वेळापत्रकावर चालणाऱ्या कामांत तर अशी टीप हवीच. पैसे न भरलेल्या ऑर्डरी पहाटे दोनला रद्द करणारी नोंद सर्व्हरवर अशी असू शकते:

```
30 20 * * *
```

सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर आहे आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून तिथले २०:३० म्हणजे इथले पहाटेचे दोन. हे लिहून ठेवले नाही, तर कोणीतरी भाबडेपणाने 0 2 करतो आणि ऑर्डरी सकाळी साडेसातला, गिऱ्हाइके पैसे भरत असतानाच रद्द होऊ लागतात.

एवढे झाले की तालीम. प्रकल्प कधीही न पाहिलेल्या डेव्हलपरला कोरा लॅपटॉप आणि README द्यावा आणि मूळ डेव्हलपरने शेजारी गप्प बसावे. विचारलेला प्रत्येक प्रश्न README मधले भोक दाखवतो, आणि ते तोंडी उत्तराने नव्हे तर त्याच वेळी लिहून बुजवायचे. याच बैठकीत कालचा बॅकअप रिकाम्या डेटाबेसमध्ये परत भरून पाहावा. बॅकअप रोज घेतला जातो, पण परत भरता येतो का हे सहसा कोणी तपासत नाही. शेवटी डेव्हलपरचा प्रवेश काढून क्लायंटने सारे पासवर्ड बदलावेत. यात डेव्हलपरचेही भले आहे: पुढे काही बिघडले तर संशय त्याच्यावर येत नाही.

कागदाचे काम यातच येते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते, आणि नोकरीत नसलेल्या डेव्हलपरने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तोच असतो. नुसते पैसे चुकते केल्याने ती मालकी क्लायंटकडे जात नाही, त्यासाठी डेव्हलपरच्या सहीचा लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.