रोज संध्याकाळी मोडणारा डाव

सोन्याचा भाव सहा महिने वरखाली होत राहिला आणि शेवटी होता तिथेच आला, असं समजा. अमेरिकेतल्या एका माणसाने सोनं चढेल म्हणून दुप्पट परतावा देणारा फंड घेतला होता, दुसऱ्याने पडेल म्हणून उलटा, तोही दुप्पट. सहा महिन्यांनी दोघं हिशेबाला बसले, तर दोघांचेही पैसे कमी झालेले. एकाचा तोटा तो दुसऱ्याचा नफा असायला हवा होता. मग मधल्या मधे पैसे गेले कुठे?

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात असे दोन फंड 2008 च्या डिसेंबरपासून आहेत, दोन्ही प्रोशेअर्स या कंपनीचे. ‘अल्ट्रा गोल्ड’ सोन्याच्या दिवसभराच्या हालचालीच्या दुप्पट चालतो, ‘अल्ट्राशॉर्ट गोल्ड’ दुप्पट पण उलट दिशेने. दोघांच्याही माहितीपत्रकात वचन दिलेलं आहे ते फक्त एका दिवसाचं. आपल्याकडच्या गोल्ड ईटीएफशी यांची गल्लत करू नये. तिथे पैसा मुख्यतः प्रत्यक्ष सोन्यात असतो आणि सोन्याएवढंच चढणं-पडणं होतं. हे फंड सोन्याच्या वायद्यांवर चालतात.

आता फंडाच्या आत काय होतं ते पाहू. दुप्पट फंडाकडे लोकांचे 100 कोटी आहेत, तेव्हा त्याने 200 कोटींच्या सोन्याचे वायदे घेतले. सोनं 1 टक्का चढलं. वायदे 202 कोटींचे झाले, 2 कोटी नफा झाला, म्हणजे लोकांचे पैसे आता 102 कोटी. उद्याही दुप्पट चालायचं तर 204 कोटींचे वायदे हवेत. म्हणून बाजार बंद होण्याच्या सुमारास फंड आणखी 2 कोटींचे वायदे विकत घेतो. सोनं पडलं की याच हिशेबाने विकतो. भाव चढल्यावर घ्यायचं आणि उतरल्यावर विकायचं, हे वाण्याला सांगितलं तर तो हसेल. पण फंड व्यवस्थापकाला दुसरा मार्गच नाही, दिलेला शब्द तसा आहे.

उलट्या फंडाची गोष्ट मजेशीर आहे. त्याने 100 कोटींवर 200 कोटींचे वायदे विकून ठेवलेत. सोनं 1 टक्का चढलं, त्याला 2 कोटी तोटा. शिल्लक 98 कोटी. त्याच्या दुप्पट 196, पण विकलेल्या वायद्यांची किंमत चढून 202 झालेली. त्यामुळे त्याला 6 कोटींचे वायदे परत घ्यावे लागतात. म्हणजे सोनं पडावं म्हणून थांबलेला फंडसुद्धा भाव चढल्यावर खरेदीच करतो, तीही सुलट्या फंडाच्या तिप्पट!

झीज याच प्रमाणात होते. सोनं एक दिवस 100 वरून 101 आणि दुसऱ्या दिवशी परत 100, असं सहा महिने, म्हणजे व्यवहाराचे 126 दिवस चाललं, तर सुलटा दुप्पट फंड सव्वा टक्का गमावतो आणि उलटा पावणेचार टक्के. ही झाली शांत बाजारातली गोष्ट. रोजची हालचाल 1 ऐवजी 2 टक्क्यांची धरा, म्हणजे 100 वरून 102 आणि परत 100. नुकसानही दुपटीने वाढेल असं वाटतं, पण ते साधारण चौपट होतं: सुलट्याचं जवळपास 5 टक्के, उलट्याचं जवळपास 14. सुरुवातीच्या त्या दोघांचे पैसे असेच गेले. फंडाने महागात घेतलेले वायदे त्याला विकणारा आणि स्वस्तात विकलेले घेणारा बाजारात कुणीतरी होताच, मिळकत त्याची झाली. शिवाय वर्षाला सुमारे 1 टक्का फंडाचा खर्च असतो, तो वेगळा.

मात्र रोजचा डाव मोडून नव्याने मांडणं नेहमीच तोट्याचं असतं, हेही खरं नाही. सोनं सलग दहा दिवस रोज 1 टक्का चढलं तर ते साडेदहा टक्के वाढतं. त्याची दुप्पट 21 होते, पण सुलटा दुप्पट फंड जवळपास 22 टक्के देतो. उलट्या फंडाचंही 21 ऐवजी सव्वाअठरा टक्केच नुकसान होतं, कारण पडत्या काळात त्याचा डाव रोज लहान होत जातो. बाजार एका दिशेने सरळ चालला की हीच पद्धत फायद्याची ठरते. अडचण एवढीच की सोनं महिनोन्‌महिने असं सरळ क्वचितच चालतं.

अमेरिकेतल्या दलालांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘फिनरा’ने जून 2009 मध्येच दलालांना बजावलं होतं की रोज नव्याने मांडले जाणारे असे फंड एका दिवसापेक्षा जास्त ठेवू पाहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांसाठी सहसा योग्य नसतात. ज्याला स्वतः पडताळायचं असेल त्याने सोन्याचा आणि फंडाचा सहा महिन्यांचा आलेख शेजारी ठेवावा आणि असे दोन दिवस शोधावेत, ज्या दिवशी सोन्याचा भाव सारखाच होता. त्या दोन दिवसांतला फंडाच्या किमतीचा फरक म्हणजे झीज आणि खर्च मिळून गेलेली रक्कम.